नाचणीच्या शंकरपाळ्यांच्या पाकिटावर काय लिहावं?

ओवा_तीळ
नमस्कार मंडळी. मी आणि माझी जाऊ चिपळूणजवळच्या आमच्या गावात नाचणीच्या खाऱ्या शंकरपाळ्या करतो. तळत नाही, भट्टीत भाजतो. महिन्याला साधारण चाळीस किलो माल जातो. आत्तापर्यंत पाकिटावर एक स्टिकर असायचं. त्यावर नाव, वजन, तारीख, नोंदणी क्रमांक आणि खाली लाल अक्षरांत एक ओळ: "मधुमेह व हाडांच्या दुखण्यावर गुणकारी". लिहिताना ती आम्हाला खोटी वाटली नव्हती. नाचणीबद्दल लहानपणापासून घरात हेच ऐकत आलोय.

गेल्या महिन्यात रत्नागिरीच्या प्रदर्शनात एक बाई दुसऱ्यांदा स्टॉलवर आल्या, चार पाकिटं घेतली आणि खुशीत म्हणाल्या, "आमचे हे आता रात्री भाकरी सोडून तुमच्या शंकरपाळ्याच खातात. पाकीट संपवतात एका बैठकीत. साखरेवर गुणकारी लिहिलंय ना!" पाकीट २०० ग्रॅमचं आहे. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की असं करू नका, डॉक्टरांना विचारा. पण घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या रात्री दोघींनी बसून उरलेल्या पाकिटांवरची सगळी स्टिकरं सोलली.

आता हजार छापील पाऊच करायचेत, म्हणून विचारतेय. नाचणीत जे चांगलं आहे ते सांगायचंय, पण औषध असल्यासारखं नाही. शब्द कसे निवडावेत?

एका घाण्याचं प्रमाण असं: नाचणीचं पीठ ५ किलो, बेसन २ किलो, तेल १ किलो २०० ग्रॅम, तीळ अर्धा किलो, मीठ १५० ग्रॅम, ओवा-जिरं-तिखट मिळून १५० ग्रॅम. भाजून गार झाल्यावर वजन ८ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास भरतं.

सकाळचा_फेरफटका
मला बारा वर्षं मधुमेह आहे. सून रोज नाचणीची आंबील देते आणि माझी उपाशीपोटीची साखर १८० वरून १३० वर आली. त्यामुळे ताई, तुमची ओळ चुकीची नव्हती असं मी म्हणेन. अनुभवाचे बोल आहेत. आंबील ताकातली घ्यावी, दुधातली नको.

गावठी_मसाले
ताई, एवढं मनावर घेऊ नका. हे दाव्यांचे नियम मोठ्या कंपन्यांसाठी असतात. आपण नोंदणीवाले, परवानावाले नाही. मी सहा वर्षं मसाले विकतोय, कोणी काही विचारलं नाही. फक्त "गुणकारी" काढा आणि "मधुमेहींना चालेल" लिहा, की झालं.

आणि कॅल्शियम बिनधास्त लिहा. गरज दिवसाला ६०० मिलिग्रॅम, तिच्या ३० टक्के १०० ग्रॅममध्ये असेल तर "भरपूर" लिहिता येतं, म्हणजे १८० पुरे. नाचणीत साडेतीनशे असतं.

लेबल_तपासनीस
मी पुण्यात एका खाद्यपदार्थ कंपनीत गुणवत्ता विभागात काम करतो आणि रोज लेबलंच वाचतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मसालेदादा, नोंदणी आणि परवाना हा फरक उलाढालीवरून ठरतो. पाकीटबंद माल विकला की लेबलचे आणि दाव्यांचे नियम दोघांनाही लागू. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे, जाहिरात आणि दाव्यांचे नियम २०१८ चे आहेत. अन्नपदार्थ रोग टाळतो, कमी करतो किंवा बरा करतो असं म्हणायचं नाही, सुचवायचंही नाही, हे त्यात आहे. "मधुमेहींना चालेल" ही ओळ त्या "सुचवायचंही नाही"मध्येच अडकते. वाचणारा तिचा अर्थ काय घेतो, ते ताईंनी वर लिहिलंच आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. शिवाय १९५४ चा औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे.

मग बोलायचं कशाबद्दल? पाकिटात काय आहे आणि किती आहे, याबद्दल. तिथे पूर्ण मुभा आहे, फक्त आकडा गाठावा लागतो.

ताईंचाच घाणा घेऊ. आधी तंतुमय पदार्थ. १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅम असतील तर "तंतुमय पदार्थ आहेत" म्हणता येतं, ६ असतील तर "भरपूर". नाचणीत साधारण ११ टक्के, म्हणजे ५ किलोत ५६० ग्रॅम. हे ८ किलो ४०० ग्रॅम मालात वाटले तर १०० ग्रॅमला साडेसहाच्या वर गेले. एकट्या नाचणीने ६ चा टप्पा ओलांडला, बेसन आणि तीळ वेगळेच. म्हणजे हा दावा भक्कम आहे आणि पाकिटाच्या दर्शनी बाजूला हाच घ्यावा.

आता कॅल्शियम. ६०० हा आकडा जुना झाला. २०२० मध्ये आयसीएमआरने प्रौढांसाठी तो १००० केला. "आहे" म्हणायला त्याच्या १५ टक्के लागतात, म्हणजे १५०, आणि "भरपूर"साठी ३० टक्के, म्हणजे ३००. नाचणी १०० ग्रॅमला ३६४ धरली तर ५ किलोचे १८,२०० मिलिग्रॅम होतात. बेसनाचे हजारभर. अर्धा किलो तिळाचे, १०० ग्रॅमला १,२०० धरून, ६,०००. बेरीज २५,२००, भागिले ८४. उत्तर बरोबर ३००.

बरोबर ३०० आलं म्हणून खूश होऊ नका, ही काठावरची जागा आहे. ताई, तुमचे तीळ सालासकट आहेत की पॉलिशचे?

ओवा_तीळ
पॉलिशचे! पांढरेशुभ्र दिसतात म्हणून वाण्याकडून तेच आणतो. का?

लेबल_तपासनीस
तिळातलं बहुतेक कॅल्शियम सालात असतं. साल गेली की ते सहा हजार जवळजवळ गेलेच. मग उरतात २३० च्या आसपास. "कॅल्शियम आहे" हे तरीही आरामात बसतं, "भरपूर" मात्र बसत नाही. लेबल तेच, वाणी तोच, तिळाचं पोतं बदललं आणि दावा खोटा ठरला, असं होऊ शकतं. नाचणीतही वाणावाणात कॅल्शियम कमीजास्त असतं. पीठ वस्त्रगाळ केलंत तर कोंड्याबरोबर आणखी जातं.

गावठी_मसाले
६०० चं चुकलं माझं, मान्य. पण नोंदणीवाल्यांना खरंच कोणी विचारत नाही हो.

आहार_वही
मी आहारतज्ज्ञ आहे. सकाळचा_फेरफटका काका, तुमची साखर आटोक्यात आली याचा आनंद आहे. पण त्याच काळात गोळ्या बदलल्या होत्या का, चालणं वाढलं होतं का, रात्रीचं जेवण बदललं होतं का, हे माहीत नसताना श्रेय एकट्या आंबिलीला देता येत नाही.

आणि ताईंच्या प्रश्नासाठी महत्त्वाचं असं की आंबील आणि शंकरपाळी एक नव्हे. नाचणी धान्यच आहे, तिच्यात पिष्ट भरपूर असतं, आणि पीठ जितकं बारीक तितकी तिची साखर रक्तात लवकर उतरते. माझ्याकडे येणारे कितीतरी जण "नाचणीचंच आहे" म्हणून बिस्किटं मोजत नाहीत. त्या बाईंचे यजमान २०० ग्रॅम खात होते. त्यात तेलच पंचवीस-तीस ग्रॅम गेलं असेल आणि मीठ साडेतीन ग्रॅम.

सकाळचा_फेरफटका
हो, त्याच वेळी संध्याकाळची गोळीही वाढवली होती. हे लक्षात नव्हतं घेतलं. पण आंबिलीने पोट हलकं राहतं, ते तरी माझंच निरीक्षण.

आहार_वही
ते अगदी मान्य काका. आंबील सोडू नका.

मोहन_कडकडीत
जरा वेगळं विचारतो. नाचणीच्या शंकरपाळ्या भट्टीत भाजून फुटत नाहीत का? माझ्या कायम चुरा होतात.

ओवा_तीळ
पीठ उकळत्या पाण्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेवा, मग बेसन आणि मोहन घालून मळा. आधीच सगळं एकत्र केलं तर नाचणी पाणी धरत नाही आणि लाटताना कडा फाटतात.

मोहन_कडकडीत
उद्याच करतो. धन्यवाद!

अद्वैतची_आई
एक कळकळीची विनंती. पाकिटावर "ग्लुटेन नाही" असं लिहायचा मोह होईल, तो टाळा.

माझ्या मुलाला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन त्याला थोडंही चालत नाही. सात वर्षांचा आहे. मागच्या दिवाळीत एका प्रदर्शनातून नाचणीची बिस्किटं आणली. त्यावर मोठ्या अक्षरांत ग्लुटेन नाही म्हणून छापलं होतं. त्याने चार खाल्ली. रात्रीपासून पोटात कळा आणि उलट्या, दोन दिवस शाळा बुडाली. नंतर त्या ताईंना फोन केला. त्या बिचाऱ्या मनापासून म्हणाल्या, "अहो, नाचणीत ग्लुटेन नसतंच." दळण कुठे करता विचारलं, तर म्हणाल्या गावच्या गिरणीत. त्या गिरणीत दिवसभर गहू दळला जातो. त्यांनी फसवलं नाही मला, पण मुलाला भोगावं लागलं.

ओवा_तीळ
वाचून हात थांबले माझे. आमचंही दळण गावच्या गिरणीतच होतं, गव्हानंतर. आणि खरं सांगते, पाऊचच्या कच्च्या मसुद्यात "ग्लुटेन-मुक्त" हा शब्द होता. आत्ता खोडला.

लेबल_तपासनीस
योग्य केलंत. तो शब्द लिहायचा तर तयार मालात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, आणि ते तपासून घ्यावं लागतं. गव्हाच्या दोन-चार चमचे पिठानेही तुमचा आख्खा घाणा त्यापलीकडे जाईल. उलट "गहू दळला जातो त्याच गिरणीत दळलेले, गव्हाचा अंश असू शकतो" ही ओळ घाला. ती अद्वैतच्या आईसारख्यांच्या खरी कामाची.

शब्दांची_पेरणी
मी जाहिरातींसाठी मराठी मजकूर लिहिते. नियम पाळून मजकूर नीरस होतो ही भीती मला तरी खरी वाटते, म्हणून काही पर्याय देते. बघा कसे वाटतात:

"कोकणच्या मातीतलं सुपरफूड."
"शुद्ध, नैसर्गिक, घरगुती."
"आजीच्या हातची पारंपरिक चव."
"कमी तेल, हलकं मन."

आणि दर्शनी बाजूला हिरव्या पानाचं हृदय छान दिसेल.

लेबल_तपासनीस
शब्दांचा कान चांगला आहे तुमचा, पण यातलं बरंच अडकेल.

"घरगुती" आणि त्या अर्थाचे शब्द गैरसमज होईल अशा प्रकारे वापरायचे नाहीत असं नियमात आहे, आणि ताई तर भट्टीवर व्यवसाय म्हणून करतात. "शुद्ध" आणि "नैसर्गिक" यांना आपापल्या अटी आहेत. ओवा-तिखट-तेल घातलेल्या भाजलेल्या पदार्थाला मी ते दोन्ही लावणार नाही. "कमी तेल" हे सरळ चूक. फॅट कमी म्हणायला १०० ग्रॅमला ३ ग्रॅमच्या आत लागतं. ताईंच्या घाण्यात तेल, तीळ, बेसन सगळं धरून वीसच्या आसपास आहे. "तळलेले नाहीत, भट्टीत भाजलेले" लिहा. ती कृती आहे आणि ती खरी आहे.

हृदयाचं चित्रही दावाच असतो. शब्दात न लिहिता चित्रातून सुचवलं, एवढाच फरक. आणि १०० ग्रॅमला सोडियम ७०० मिलिग्रॅमच्या घरात असताना हृदय तर नकोच.

शब्दांची_पेरणी
मीठ-तेलाचं पटलं. हृदय मागे घेते. पण "पारंपरिक" का नको? नाचणी कोकणात पिढ्यान् पिढ्या खातात.

लेबल_तपासनीस
नाचणी खातात, पण "पारंपरिक" हा शब्द पाककृतीला किंवा करण्याच्या पद्धतीला लावायचा असतो आणि ती पिढ्यांपासून तशीच चालत आलेली असावी लागते. भाकरी, आंबील, नाचणीचं सत्त्व यांना बेलाशक लावा. नाचणी-बेसनाची भट्टीत भाजलेली शंकरपाळी तुमच्या आजीने केली होती का?

देवरुखकर
माझ्या आजीने केली होती! चुलीवर तव्यात भाजायची, वर झाकण आणि झाकणावर निखारे. शंकरपाळी नव्हे, कापण्या म्हणायची. त्यामुळे मला हा शब्द खोटा वाटत नाही.

लेबल_तपासनीस
तुमच्या आजींच्या कापण्यांबद्दल शंका नाही. अधिकाऱ्याने विचारलं तर काय दाखवणार, एवढाच माझा प्रश्न. मी असतो तर टाळला असता. दुसरा कोणी तपासनीस वेगळं म्हणेल.

दळणवळण
हे सगळं इंग्रजी मजकुराला लागू असेल ना? मराठीत लिहिलं तर कोण बघतंय?

लेबल_तपासनीस
दावा कुठल्याही भाषेत दावाच. आणि उलटी गोष्टही लक्षात ठेवा: घटक, पोषणमूल्यं वगैरे सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवीच. मराठी त्याच्या जोडीला, आणि दोन्हींत विसंगती नको. इंग्रजीत "तंतुमय पदार्थ" आणि मराठीत "पोटाच्या विकारांवर" असं करणारे मी पाहिलेत.

आणखी एक. नावातच नाचणी आहे, म्हणून नाचणी किती टक्के ते लिहावं लागतं. तुमचे घटक मिळून ९ किलो, त्यात नाचणी ५, म्हणजे ५५ टक्के. ते मागे बारीक अक्षरांत लपवू नका, अभिमानाने पुढे लिहा. बाजारात "नाचणी" नावाखाली मैद्याच्या वस्तू किती विकल्या जातात! तुमचा तो ५५ चा आकडाच तुमची जाहिरात आहे.

आहार_वही
कॅल्शियमबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. "कॅल्शियम हाडांच्या बळकटीसाठी आवश्यक असतं" हे वाक्य पोषकाच्या कामाबद्दल आहे, या पदार्थाबद्दल नाही. पदार्थात १५० च्या वर कॅल्शियम असेल तर ते लिहायला हरकत नसावी. लोकांना ते कळायलाही हवं. आपल्याकडे चाळिशीनंतरच्या बायकांचा आहार पाहिला की पोटात तुटतं.

लेबल_तपासनीस
वाक्य बसतं, ताई. मला भीती वेगळ्या गोष्टीची आहे. एका वेळी खायचं प्रमाण ३० ग्रॅम धरलं तर त्यात कॅल्शियम सत्तरच्या आसपास येतं, दिवसाच्या गरजेच्या सात टक्के. ते वाक्य पुढे मोठ्या अक्षरांत आलं तर गिऱ्हाईक पुन्हा "हाडांसाठी" म्हणून पाकीट संपवेल. आत्ताच एक ओळ सोलून काढलीय त्यांनी.

आहार_वही
मग मागच्या बाजूला, आकड्याच्या शेजारी लिहावं. पूर्ण गाळू नये असं माझं मत.

लेबल_तपासनीस
मी गाळलं असतं. निर्णय ओवा_तीळ ताईंचा.

गावठी_मसाले
हे वाचून माझ्या हळद पावडरीचं पाकीट काढून बघितलं. "सर्दी-खोकल्यावर रामबाण" लिहिलंय. पुढच्या छपाईत काढतो. तपासणीला किती माल द्यायचा असतो?

लेबल_तपासनीस
प्रयोगशाळेला आधी फोन करून विचारा, प्रत्येकाचं वेगळं असतं. एनएबीएल मान्यता आणि एफएसएसएआयची अधिसूचना दोन्ही असलेली घ्या. एकाच घाण्याचा माल देऊ नका. वेगवेगळ्या दिवसांच्या तीन-चार घाण्यांतून थोडा थोडा काढून एकत्र करून द्या, म्हणजे एखाद्या चांगल्या दिवसाचा आकडा लेबलवर कायमचा छापला जाणार नाही. ज्या पोषकाचं नाव पुढे घेणार, त्याचा आकडा मागच्या तक्त्यात यायलाच हवा. तंतुमय पदार्थ आणि कॅल्शियम दोन्ही मुद्दाम सांगून मोजून घ्या, नेहमीच्या तपासणीत ते धरलेले नसतात.

ओवा_तीळ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जाऊबाई आणि मी बसून मजकूर लिहिला. आकड्यांच्या जागा अहवाल येईपर्यंत रिकाम्या ठेवल्यात.

पुढे:
"नाचणीच्या खाऱ्या शंकरपाळ्या. नाचणी ५५ टक्के. मैदा नाही. तळलेल्या नाहीत, भट्टीत भाजलेल्या. तंतुमय पदार्थ भरपूर: १०० ग्रॅममध्ये … ग्रॅम."

मागे:
"नाचणी उकळत्या पाण्यात भिजवून, बेसन, तीळ आणि ओवा घालून आम्ही दोघी लहान घाण्यांत करतो. एका वेळी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, चहाबरोबर खायला. त्यात कॅल्शियम … मिलिग्रॅम, दिवसाच्या गरजेच्या … टक्के. यात तेल आणि मीठ आहे, प्रमाण तक्त्यात पाहा. गहू दळला जातो त्याच गिरणीत दळलेले, गव्हाचा अंश असू शकतो."

हाडांचं वाक्य तूर्त घातलेलं नाही. अहवाल आला की आहार_वही ताईंशी पुन्हा बोलेन. तीळ आता सालासकट आणणार आहोत. कालच्या घाण्यात घातले, रंग थोडा मळकट आला, पण चव खमंग लागतेय.

शब्दांची_पेरणी
"आम्ही दोघी लहान घाण्यांत करतो" ही ओळ मला सुचली नसती. तिला हात लावू नका.

अद्वैतची_आई
गव्हाची ओळ ठळक अक्षरांत घ्याल का? आम्ही पाकीट उलटं करून आधी तीच शोधतो.

ओवा_तीळ
घेते. आणि त्या बाईंचा नंबर प्रदर्शनाच्या वहीत सापडला. आज फोन केला. त्यांना सांगितलं की ती ओळ चुकीची होती, आम्ही काढली. त्या आधी जरा रागावल्या, मग म्हणाल्या की यजमानांना गुरुवारी दवाखान्यात दाखवायला नेणार आहेत. शुक्रवारी पुन्हा फोन करेन.